दहा लाखांची मर्यादा नेमकी कशाची? सूचीबद्ध कंपनीत काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या कंपनीचा शेअर बाजारात चालतो, अशा अनेकांच्या तोंडी मी एक वाक्य हमखास ऐकतो: "दहा लाखांच्या आत असलं की काही विचारत नाहीत." कंपनी सचिव म्हणून काम करताना ज्या चुका निस्तराव्या लागल्या, त्यांतल्या बऱ्याच या एका वाक्यातून निघालेल्या होत्या. दहा लाखांचा आकडा खरा आहे, पण तो फक्त एका प्रश्नाचे उत्तर देतो. कंपनीच्या आतल्या, अजून जाहीर न झालेल्या माहितीवर शेअरची खरेदी-विक्री करणे म्हणजे भेदिया व्यवहार. सेबीचे भेदिया व्यवहार प्रतिबंधक विनियम 15 मे 2015 पासून लागू आहेत. त्यांत प्रश्न तीन आहेत आणि ते याच क्रमाने विचारावे लागतात: मला आज व्यवहार करता येतो का, करता येत असेल तर आधी परवानगी लागते का, आणि केल्यानंतर कळवावा लागतो का. दहा लाख रुपये तिसऱ्या प्रश्नाच्या दारात उभे आहेत. पहिल्या प्रश्नाला कोणतीही रक्कम लागू नाही. तिथे एका शेअरचा व्यवहारही गुन्हा ठरू शकतो.

हे तिन्ही प्रश्न एकाच उदाहरणातून पाहू. माणसे आणि आकडे कल्पित आहेत. वाळूजमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका सूचीबद्ध कंपनीत लेखा विभागाचे एक उपव्यवस्थापक आहेत. ते मूळचे उदगीरचे. त्यांच्या नावावर कंपनीचे 3,000 शेअर आहेत. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून त्यांच्या स्वतंत्र डीमॅट खात्यात याच कंपनीचे 600 शेअर आहेत. पत्नीच्या भावाचे लातूरला आडतीचे दुकान आहे आणि बाजार बंद झाला की त्यांचे लक्ष शेअर बाजाराकडे वळते. उपव्यवस्थापकांना मुलीच्या शिक्षणासाठी दहा-अकरा लाख रुपये उभे करायचे आहेत.

आधी स्वतःची जागा ओळखा

आपण "इनसायडर" आहोत असे बहुतेकांना वाटतच नाही. संचालक आणि प्रवर्तक यांच्यापुरताच हा कायदा आहे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात कामाच्या निमित्ताने ज्याच्या हाती अप्रकाशित दरसंवेदी माहिती, म्हणजे जाहीर झाली की शेअरचा दर हलवू शकेल अशी माहिती, येते किंवा येण्याची वाजवी शक्यता आहे, असा कोणीही कंपनीशी "संबंधित व्यक्ती" ठरतो. त्यांतल्या ज्यांची नावे संचालक मंडळाने आचारसंहितेत घातलेली असतात, त्यांना कंपनीत सगळे "डेझिग्नेटेड पर्सन" म्हणतात. लेखा विभाग, कंपनी सचिवांचे कार्यालय, व्यवस्थापकीय संचालकांचे स्वीय सहायक आणि माहिती यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ ही नावे या यादीत बहुधा असतात. आपले नाव आहे की नाही, हे कम्प्लायन्स ऑफिसरकडून ई-मेलवर विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर थांबू नये.

यादीत नाव असेल तर दरवर्षी जवळच्या नातेवाइकांची आणि ज्यांच्याशी मोठा आर्थिक संबंध आहे अशा व्यक्तींची नावे, पॅन आणि मोबाइल क्रमांक कंपनीला द्यावे लागतात. हा फॉर्म मार्चअखेरच्या धांदलीत घाईघाईने भरला जातो आणि पत्नीच्या खात्याची माहिती त्यातून राहून जाते. "ती स्वतः कमावते, माझ्यावर अवलंबून नाही" हे कारण इथे चालत नाही. पती किंवा पत्नी कमावती असो वा नसो, जवळच्या नातेवाइकांत मोडतेच. आई-वडील, भावंडे आणि मुले, स्वतःची तशीच जोडीदाराचीही, या यादीत दोन कारणांनी येतात: ती आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतील तर, किंवा शेअरची खरेदी-विक्री तुम्हाला विचारून करत असतील तर.

हे दुसरे कारण फार सहज घडून जाते. लातूरचे मेहुणे अवलंबून नाहीत, त्यामुळे वार्षिक फॉर्ममध्ये त्यांचे नाव नाही, आणि तोवर ते योग्यच आहे. पण जानेवारीत एका लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसून विचारतात, "दाजी, तुमच्या कंपनीचे अजून दोनशे घेऊ का?" हा प्रश्न ते दर दोन महिन्यांनी विचारत असतील, तर ते सल्ला घेऊन व्यवहार करणारे भावंड ठरतात आणि त्यांचे व्यवहार दाजींच्या हिशेबात येऊ लागतात. शिवाय डिसेंबर 2024 मधल्या दुरुस्तीने "संबंधित व्यक्ती" या व्याख्येतले नातेवाइकांचे वर्तुळ मोठे केले आहे. त्यात जोडीदाराची भावंडे अवलंबून असण्याची किंवा सल्ला घेण्याची अट न लावता येतात. म्हणजे नात्याच्या याद्या दोन आहेत. कंपनीला व्यवहार कळवण्याची यादी लहान आहे आणि संशयाची यादी मोठी आहे. मोठ्या यादीतला माणूस व्यवहार करतो, तेव्हा आपल्याजवळ अप्रकाशित माहिती नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत हेच ओझे सेबीवर असते. लातूरच्या आडत्याला हा फरक समजावून सांगणे अवघड आहे, पण नोटीस आल्यावर समजावण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे.

मग पंगतीत उत्तर काय द्यावे? "आत्ता नको, निकालानंतर बघा" हे उत्तर निरुपद्रवी वाटते. पण डिसेंबर तिमाहीचा हिशेब ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांनी हे म्हणणे म्हणजे निकाल वाईट आहे असे सांगणेच होय. माहिती पुढे देण्याला स्वतंत्र बंदी आहे, मग सांगणाऱ्याने एक रुपयाही कमावलेला नसो. यावर एकच उत्तर निभते: आमच्या कंपनीच्या शेअरबद्दल मी घेऊ नका असेही सांगत नाही आणि घ्या असेही सांगत नाही. हे उत्तर निकाल चांगला असतानाही तेच द्यायचे, नाहीतर तुमच्या गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातो.

पहिला प्रश्न: आज व्यवहार करता येतो का?

तिमाही संपली की डेझिग्नेटेड व्यक्तींसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहार करण्याची मुभा, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यानंतर 48 तासांनी उघडते. आपल्या उदाहरणात ती 1 जानेवारीला बंद झाली. संचालक मंडळाची बैठक गुरुवारी, 5 फेब्रुवारीला झाली आणि निकाल संध्याकाळी 6 वाजता शेअर बाजाराकडे गेले. 48 तास शनिवारी संध्याकाळी पूर्ण होतात, म्हणून व्यवहाराचा पहिला दिवस सोमवार, 9 फेब्रुवारी. शुक्रवारी सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत निकाल छापून आलेला असला, तरी शुक्रवार त्यांच्यासाठी बंदच आहे.

विंडो बंद असताना डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी त्या व्यक्तीच्या पॅनवर त्या एका कंपनीच्या शेअरचे व्यवहार गोठवतात. हीच व्यवस्था टप्प्याटप्प्याने जवळच्या नातेवाइकांपर्यंत नेण्यात आली आहे. तिचा एक विचित्र परिणाम झाला आहे. लोक म्हणतात, "ऑर्डर गेली, म्हणजे परवानगी असणारच." ऑर्डर जाणे म्हणजे कदाचित कंपनीने तुमचा पॅन चुकीचा नोंदवला असेल, किंवा पत्नीचा पॅन तुम्ही दिलाच नसेल. कुलूप बिघडलेले आहे म्हणून घर आपले होत नाही.

याहून महत्त्वाचे असे की विंडो उघडी असणे ही परवानगी नाही. खरी बंदी अप्रकाशित दरसंवेदी माहिती जवळ असताना व्यवहार करण्याला आहे. विंडो ही त्या बंदीसाठी कंपनीने घातलेली ढोबळ कुंपणाची रेषा आहे. निकाल, लाभांश, भांडवली रचनेतले बदल, विलीनीकरण आणि महत्त्वाच्या अधिकाऱ्यांचे येणे-जाणे हे तर अशा माहितीच्या यादीत होतेच. 10 जून 2025 पासून यादी आणखी वाढली आणि नेहमीच्या व्यवसायाबाहेरच्या ऑर्डरी किंवा करार मिळणे वा रद्द होणे यांसारख्या गोष्टी तिच्यात स्पष्टपणे आल्या. वाळूजसारख्या ठिकाणी हे नीट लक्षात घ्यावे लागते, कारण सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा एखादा मोठा करार अचानक रद्द होणार असेल, तर त्याची कुणकुण पुष्कळदा हिशेब तपासणाऱ्या टेबलावर आधी लागते.

दुसरा प्रश्न: आधी परवानगी हवी का?

परवानगीची मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही. ती प्रत्येक कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. आपल्या कंपनीच्या संहितेत ती एका आठवड्यात 2 लाख रुपये आहे असे धरू. उपव्यवस्थापक 9 फेब्रुवारीला दोन अर्ज देतात, एक स्वतःच्या 1,200 शेअरच्या विक्रीसाठी आणि दुसरा पत्नीच्या 600 शेअरसाठी. पत्नीच्या व्यवहारांनाही हीच संहिता लागू आहे. प्रत्येक अर्जासोबत आपल्याजवळ अप्रकाशित माहिती नाही असे घोषणापत्र जोडावे लागते. हा अर्जाचा मजकूर नेहमीचाच म्हणून न वाचता सही ठोकण्याची सवय अनेकांना आहे. चौकशीत हाच कागद सर्वांत आधी बाहेर काढला जातो, इतकेच सांगतो.

परवानगी जास्तीत जास्त 7 ट्रेडिंग दिवस चालते. शेवटची तारीख पत्रावर लिहून मागावी, म्हणजे मंजुरीचा दिवस धरायचा की नाही हा वाद उरत नाही. मुदतीत व्यवहार झाला तर तो कंपनीला कळवायचा आणि नाही झाला तरी तसे कळवायचे. दुसरी गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही.

उपव्यवस्थापक 10 फेब्रुवारीला 1,200 शेअर 460 रुपयांनी विकतात, म्हणजे 5,52,000 रुपये. पत्नी 12 फेब्रुवारीला 600 शेअर 455 रुपयांनी विकतात, म्हणजे 2,73,000 रुपये. पैसे थोडे कमी पडतात, म्हणून मार्चमध्ये नवा अर्ज, नवे घोषणापत्र आणि नवी परवानगी घेऊन ते मंगळवारी, 10 मार्चला आणखी 500 शेअर 480 रुपयांनी विकतात. ही रक्कम 2,40,000 रुपये.

तिसरा प्रश्न: आता कळवायचे का?

इथे दहा लाख येतात. एका कॅलेंडर तिमाहीत झालेल्या व्यवहारांचे एकूण मूल्य 10 लाखांहून अधिक झाले, की प्रवर्तक, प्रवर्तक गटातील सदस्य, संचालक आणि डेझिग्नेटेड व्यक्ती यांनी ते दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचे असते. या नमुन्याला फॉर्म सी म्हणतात. बेरीज नफ्याची नसते, व्यवहाराच्या पूर्ण रकमेची असते. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अनेक महिने फक्त नफा मोजला होता. नफा 3 लाख होता, व्यवहार 14 लाखांचे होते आणि उशीर दोन तिमाह्यांचा झाला होता. बेरजेत खरेदी आणि विक्री एकमेकांतून वजा होत नाहीत. दोन्ही मिळवायच्या असतात.

आणि बेरीज एका माणसाची नसते. कळवताना जवळच्या नातेवाइकांचे आणि ज्यांच्या वतीने आपण निर्णय घेतो त्यांचे व्यवहारही धरायचे असतात. फेब्रुवारीअखेर या घराचे 5,52,000 अधिक 2,73,000, म्हणजे 8,25,000 रुपये झाले होते. कळवण्याची गरज नव्हती. 10 मार्चला 2,40,000 मिळाले आणि बेरीज 10,65,000 झाली. मर्यादा त्या दिवशी ओलांडली गेली, म्हणून गुरुवार, 12 मार्चपर्यंत फॉर्म सी कंपनीच्या हाती हवा. त्याच दिवशी तो मिळाला तर कंपनीने शुक्रवार सोडून सोमवार, 16 मार्चपर्यंत शेअर बाजाराला कळवायचे. फक्त स्वतःच्या खात्यापुरता हिशेब केला असता तर 7,92,000 दिसले असते आणि सगळे आलबेल वाटले असते.

समजा 20 मार्चला त्यांनी आणखी 200 शेअर 470 रुपयांनी विकले. रक्कम 94,000 आहे आणि संहितेची 2 लाखांची मर्यादा ओलांडलेली नाही, म्हणून परवानगी लागली नाही. फॉर्म सी पुन्हा लगेच द्यायचा का? नाही. एकदा कळवल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि नंतरचे व्यवहार स्वतः 10 लाखांपलीकडे गेले तरच पुढचा फॉर्म लागतो. मात्र जवळ अप्रकाशित माहिती नसण्याची अट या 94,000 च्या व्यवहारालाही तितकीच लागू होती.

इथे वाचक विचारतील की हल्ली हे सगळे आपोआप होत नाही का. बऱ्याच अंशी होते. कंपनीने संबंधितांचे पॅन डिपॉझिटरीकडे नोंदवले असतील, तर व्यवहार यंत्रणेतूनच शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसतात आणि ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकानंतर अशा कंपन्यांत हाताने फॉर्म सी देणे बंधनकारक राहिलेले नाही. तरीही नवरा-बायकोची बेरीज यंत्रणा जोडूनच करील, यावर मी कुणाला विसंबू देत नाही. "माझ्या आणि पत्नीच्या व्यवहारांची एकत्र बेरीज 10 लाखांपुढे गेली आहे; फॉर्म सी देऊ का?" असा दोन ओळींचा ई-मेल त्याच दिवशी कम्प्लायन्स ऑफिसरला पाठवावा. फुकटचा फॉर्म दिल्याने कुणाला दंड झालेला मी पाहिलेला नाही.

उदाहरणात एकच गोष्ट बदलू

24 फेब्रुवारीला उपव्यवस्थापकांना एका बंद खोलीत बोलावले जाते. कंपनी दुसरा एक कारखाना विकत घेण्याचा विचार करते आहे आणि त्याचा ताळेबंद त्यांनी पाहायचा आहे. ट्रेडिंग विंडो उघडीच आहे, कारण ती सर्वांसाठी बंद केली तर बाहेर बातमी फुटेल. पण त्या दिवशी त्यांचे नाव, पॅन आणि माहिती मिळाल्याचे कारण कंपनीच्या डिजिटल नोंदवहीत वेळेच्या शिक्क्यासह चढते. ही नोंदवही किमान 8 वर्षे जपली जाते आणि तिच्यात मागाहून फेरफार केला तरी त्याचा माग राहतो.

आता 10 मार्चची 2,40,000 ची विक्री सरळ बंदीच्या कक्षेत येते. नव्या परवानगीसाठी खरे घोषणापत्र त्यांना देताच येणार नाही. परवानगी आधीच हातात असती आणि माहिती नंतर आली असती, तरी व्यवहार थांबवायचा आणि परवानगी न वापरता परत केल्याचे कळवायचे, हाच मार्ग आहे. "बातमी चांगली होती, शेअर वर जाणार होता, मी तर विकून तोटाच केला" हा बचाव लोकांना फार भक्कम वाटतो. विनियमांची मांडणी तशी नाही. माहिती जवळ असताना केलेला व्यवहार त्या माहितीमुळेच केला असे गृहीत धरले जाते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नाइलाजाने केलेल्या विक्रीचा हेतू विचारात घेतला होता. पण ते प्रकरण जुन्या 1992 च्या विनियमांखालचे आणि त्याच्या खास परिस्थितीतले होते. मुलीच्या फीचे कारण त्या रांगेत बसेल असे धरून कुणी विकू नये.

मोठ्या घोषणेनंतर शेअर बाजार त्याआधीच्या दिवसांतले व्यवहार चाळतात आणि ज्यांनी नेमक्या वेळी खरेदी-विक्री केली, त्यांची यादी कंपनीकडे पाठवून विचारतात की यांतले कुणाला ओळखता का. त्या यादीत लातूरचे एक नाव येते आणि ते कुणाचे मेहुणे आहेत हे कंपनीला लिहून द्यावे लागते. त्यानंतर फोनचे तपशील आणि बँकेतली देवाणघेवाण पाहिली जाते. मेहुण्यांनी शेअरचे पैसे दाजींच्या खात्यातून उसने घेतले असतील, तर पुढचे फारसे शोधावे लागत नाही.

चूक झालीच असेल तर

फॉर्म द्यायला उशीर झाला असेल तर ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी, खऱ्या तारखा घालून द्यावा. मागची तारीख घातलेला फॉर्म ही वेगळी आणि मोठी चूक होते. न कळवण्याबद्दलचा दंड सेबी कायद्याच्या कलम 15अ खाली किमान 1 लाख रुपये आहे आणि तो चुकीच्या प्रत्येक दिवसामागे वाढत 1 कोटीपर्यंत जाऊ शकतो. भेदिया व्यवहाराचा दंड कलम 15ग खाली किमान 10 लाख रुपये आणि कमाल 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतले जे अधिक असेल ते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पहिली चूक लपवण्यासाठी दुसऱ्या चुकीत पाय घालणे किती महागाचे आहे ते दिसते.

राहता राहिली उलट व्यवहाराची मुदत. परवानगी घेऊन विकल्यावर सहा महिने उलट खरेदी करता येत नाही आणि केली तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत जमा करावा लागतो. मुदत शेवटच्या व्यवहारापासून धरावी आणि नवरा-बायकोने ती दोघांसाठी एकच मानावी, असा माझा सल्ला असतो. 10 मार्चलाच हात थांबला असेल तर मुदत 10 सप्टेंबरला संपते. 20 मार्चचे 200 शेअर विकले असतील तर ती 20 सप्टेंबर होते. जूनची तिमाही संपल्यामुळे विंडो 1 जुलैला बंद झालेली असते आणि ऑगस्टमधल्या निकालानंतर उघडलेली असते, पण 1 ऑक्टोबरला ती पुन्हा बंद होणार असते. म्हणजे शेअर परत घ्यायचे असतील, तर पहिल्या परिस्थितीत सुमारे वीस दिवस हाती राहतात आणि दुसऱ्यात दहा. तेही मधल्या काळात त्यांना पुन्हा कुठल्या बंद खोलीत बोलावले गेले नाही तर.